विलीनीकरण योजनेचा कर्मचाऱ्यांसाठी सारांश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार असं जाहीर झालं की योजनेचा जाडजूड दस्तऐवज सगळ्यांच्या हाती येतो, पण वाचत कोणीच नाही. मग एचआरमधल्या किंवा युनियनमधल्या कोणा एकाला सांगितलं जातं, “जरा थोडक्यात लिहून दे.” तसं लिहायला बसलेल्यांकडून आणि तो सारांश वाचून गोंधळलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं भारतातल्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खालच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने (एनसीएलटी) मंजूर करायच्या योजनांबद्दल आहेत.

१. सारांशात नेमकं काय हवं? किती लांब असावा?

एक पान, फार तर दीड. कर्मचाऱ्याला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. माझ्याकडच्या शेअरांचं काय होणार, हे कधीपासून लागू होणार आणि माझी नोकरी कुठल्या अटींवर पुढे जाणार. विलीनीकरणाचे उद्देश, हिशेबाची पद्धत, अधिकृत भांडवलातली वाढ हे सगळं वगळा. मात्र प्रत्येक विधानापुढे योजनेतल्या कलमाचा क्रमांक लिहायला विसरू नका. “सेवा अखंड राहील” एवढंच लिहिलंत तर ते तुमचं आश्वासन ठरतं. “सेवा अखंड राहील (कलम १२.१)” लिहिलंत तर ते योजनेचं म्हणणं ठरतं आणि वाचणाऱ्याला स्वतः पडताळूनही पाहता येतं.

२. एकाच योजनेच्या तीन-चार प्रती फिरत आहेत. कुठली धरायची?

ज्या टप्प्यावर लिहिताय त्या टप्प्याची सगळ्यात ताजी. संचालक मंडळाने मंजूर केलेली योजना आधी शेअर बाजारांकडे जाते. त्यानंतर ती भागधारकांच्या सभेच्या नोटिशीसोबत येते आणि शेवटी न्यायाधिकरणाच्या आदेशाला जोडली जाते. वाटेत बाजारांनी किंवा सेबीने सुचवलेल्या दुरुस्त्या होऊ शकतात. आदेशातही काही अटी घातल्या जाऊ शकतात, आणि त्या योजनेच्या मजकुरात दिसतीलच असं नाही. म्हणून आदेश आल्यावर तो पहिल्यापासून वाचा. शेवटचं परिशिष्ट तेवढं पाहून भागत नाही. सारांशाच्या माथ्यावर “अमुक तारखेच्या प्रतीवरून” असं लिहा. महिन्याभरात कोणीतरी जुना सारांश पुढे ढकलणारच आहे.

नोटिशीसोबतचं स्पष्टीकरणात्मक निवेदनही हाताशी ठेवा. योजनेचा कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होणार हे त्यात सांगणं २०१६ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. बहुतेक वेळा तो परिच्छेद चार ओळींत उरकलेला असतो, पण योजनेतल्या कलमाशी त्याचा मेळ बसतो का, एवढं तरी तपासता येतं.

३. शंभर पानांत या तीन गोष्टी शोधायच्या कुठे?

सुरुवात व्याख्यांपासून करा. अपॉइंटेड डेट, इफेक्टिव्ह डेट, रेकॉर्ड डेट आणि कर्मचारी या चार शब्दांच्या व्याख्या तिथेच असतात, आणि निम्मा गोंधळ त्या न वाचल्यामुळेच होतो. शेअरांचं गुणोत्तर “मोबदला” किंवा “शेअरांचं वाटप” अशा शीर्षकाखाली मिळतं. कर्मचाऱ्यांचं कलम “कर्मचारी व कामगार” या नावाने वेगळं असतं. योजना कधी अमलात येणार याच्या पूर्वअटी अगदी शेवटी, “सर्वसाधारण अटी” या भागात असतात. तिथपर्यंत बरेच जण पोहोचतच नाहीत.

४. शेअर अदलाबदल गुणोत्तर कसं लिहावं म्हणजे उलटसुलट होणार नाही?

“१००:७३” असं नुसतं लिहू नका. कोणाचे १०० आणि कोणाचे ७३, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो. पूर्ण वाक्य लिहा. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री यांचं २०२२ मधलं विलीनीकरण घ्या. त्याचं वाक्य असं होईल: “रेकॉर्ड डेटला तुमच्याकडे माइंडट्रीचे १०० शेअर असतील, तर त्या बदल्यात एल अँड टी इन्फोटेकचे ७३ शेअर मिळतील.”

लगेच खाली एक छोटं उदाहरण द्या. २५० शेअर असतील तर २५० × ७३ ÷ १०० = १८२.५, म्हणजे १८२ पूर्ण शेअर आणि अर्धा उरला. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते प्रश्न ६ मध्ये. आकडा मुद्दाम असा घ्यावा की अपूर्णांक उरेल, कारण पुढचा प्रश्न तोच येतो.

५. शंभराचे त्र्याहत्तर झाले म्हणजे सत्तावीस शेअर बुडाले ना?

नाही. गुणोत्तर ठरतं ते दोन्ही कंपन्यांच्या शेअरांच्या मूल्यांकनावरून. ज्या कंपनीचा एक शेअर जास्त मोलाचा, तिचे कमी शेअर मिळतात. शेअरांची संख्या बाजूला ठेवा आणि संख्या गुणिले भाव असा हिशेब करा.

दर्शनी किमतीवरूनही असाच घोळ होतो. माइंडट्रीच्या शेअरची दर्शनी किंमत १० रुपये होती आणि एल अँड टी इन्फोटेकच्या शेअरची १ रुपया. त्यामुळे “दहाच्या शंभराला एकाचे त्र्याहत्तर” असं ऐकून लोक हबकतात. दर्शनी किमतीचा बाजारभावाशी संबंध नसतो. सारांशात ती लिहायची तर कंसात लिहा. ठळक अक्षरांत तर मुळीच नको.

गुणोत्तर न्याय्य आहे की नाही, यावर मात्र सारांशात मत देऊ नका. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल असतो आणि भागधारक म्हणून मत द्यायला सभा असते. हे दोन्ही कुठे मिळतील, एवढं सांगा.

६. अर्धा किंवा पाव शेअर उरला तर?

तो तुमच्या डीमॅट खात्यात येत नाही. बहुतेक योजनांत सगळ्यांचे अपूर्णांक एकत्र करून एका विश्वस्ताच्या नावे शेअर दिले जातात. तो ते बाजारात विकतो आणि खर्च वजा जाता आलेली रक्कम ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे वाटतो. काही योजनांत अपूर्णांक वरच्या पूर्ण आकड्यावर नेतात. आपल्या योजनेत कुठली पद्धत आहे ते कलमात पाहूनच लिहा. ही रक्कम शेअरांसोबतच जमा होईल असं गृहीत धरू नका.

७. माझ्याकडे शेअर नाहीत, ईसॉपचे ऑप्शन आहेत. गुणोत्तर मला लागू होतं का?

बहुधा होतं, पण दोन दिशांनी. ऑप्शनची संख्या गुणोत्तराने गुणली जाते आणि एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ऑप्शन वापरून एक शेअर घेताना मोजायची किंमत, त्याच गुणोत्तराने भागली जाते. समजा गुणोत्तर १०० ला ७३ आहे, तुमच्याकडे ४०० ऑप्शन आहेत आणि एक्सरसाइज प्राइस ३६५ रुपये आहे. विलीनीकरणानंतर ४०० × ०.७३ = २९२ ऑप्शन होतील आणि किंमत ३६५ ÷ ०.७३ = ५०० रुपये होईल. आधी सगळे ऑप्शन वापरायला १,४६,००० रुपये लागत होते, नंतरही २९२ × ५०० = १,४६,००० च लागतील. हा ताळा जुळला तर बदल बरोबर झालाय असं समजा. संख्या कमी झाली आणि किंमत मात्र जुनीच राहिली, किंवा याच्या उलट झालं, तर लगेच विचारणा करा.

व्हेस्टिंगचं, म्हणजे ऑप्शन वापरायचा हक्क कधी मिळणार याचं, वेळापत्रक बहुधा तसंच पुढे चालतं. सेबीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हेस्टिंगला किमान एक वर्ष लागतं. विलीनीकरणात जुन्या कंपनीत ऑप्शन जितका काळ हातात होते, तो काळ या एका वर्षात धरता येतो. सारांशात एवढंच तपासा की योजनेत “आधीचा कालावधी धरला जाईल” असं स्पष्ट लिहिलंय का. नसेल तर “योजनेत उल्लेख नाही” असं लिहा. आपल्या मनाने भर घालू नका.

८. अपॉइंटेड डेट, इफेक्टिव्ह डेट, रेकॉर्ड डेट: कर्मचाऱ्याने कुठली लक्षात ठेवायची?

नोकरीसाठी इफेक्टिव्ह डेट, शेअरांसाठी रेकॉर्ड डेट. अपॉइंटेड डेट हिशेबनिसांसाठी.

अपॉइंटेड डेट म्हणजे ज्या दिवसापासून विलीन होणाऱ्या कंपनीचा व्यवहार दुसऱ्या कंपनीचा मानला जातो तो दिवस. कायद्याप्रमाणे योजनेत ही तारीख स्पष्ट द्यावीच लागते, आणि ती मागची असू शकते. इफेक्टिव्ह डेट म्हणजे योजना प्रत्यक्ष अमलात येते तो दिवस. त्या दिवशी जुनी कंपनी संपते आणि कर्मचारी नव्या कंपनीचे होतात. रेकॉर्ड डेट त्यानंतर संचालक मंडळ ठरवतं. त्या दिवशी ज्याच्या नावावर जुने शेअर असतील त्याला नवे मिळतात.

वरच्याच उदाहरणात अपॉइंटेड डेट १ एप्रिल २०२२ होती, इफेक्टिव्ह डेट १४ नोव्हेंबर २०२२ आणि रेकॉर्ड डेट २४ नोव्हेंबर २०२२. पहिल्या दोन तारखांत साडेसात महिन्यांचं अंतर आहे. सारांशात “योजना १ एप्रिलपासून लागू” असं लिहिलं असतं तर ते कायद्याच्या भाषेत खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची दिशाभूल झाली असती.

उलट, एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेच्या विलीनीकरणात इफेक्टिव्ह डेट १ जुलै २०२३ होती आणि अपॉइंटेड डेटही तीच ठेवली होती. म्हणजे दोन तारखांत अंतर असतंच असंही नाही. व्याख्या वाचायला पर्याय नाही.

९. मग मधल्या काळात मी कोणत्या कंपनीचा?

जुन्याच. अपॉइंटेड डेट मागची असली तरी तुमचं नेमणूकपत्र, पगाराची पावती, रजेचा अर्ज आणि राजीनामा द्यायची जागा इफेक्टिव्ह डेटपर्यंत बदलत नाही. त्या काळात जुनी कंपनी नव्या कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धंदा चालवते असं योजनेत लिहिलेलं असतं. ते मालमत्ता आणि नफ्या-तोट्यापुरतं आहे. याच काळात जे राजीनामा देऊन जातात ते हस्तांतरित होतच नाहीत, कारण कलमात बहुधा “इफेक्टिव्ह डेटला सेवेत असलेले” असे शब्द असतात.

१०. इफेक्टिव्ह डेट अजून ठरलीच नाही. सारांशात काय लिहू?

तारीख लिहू नका, ती कशी ठरेल ते लिहा. साधारणपणे न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रमाणित प्रत कंपनी निबंधकाकडे आयएनसी-२८ या फॉर्मसोबत दाखल केली जाते. दोन्ही कंपन्यांपैकी जी शेवटी दाखल करेल तिची तारीख ती इफेक्टिव्ह डेट. प्रत हातात आल्यापासून दाखल करायला ३० दिवसांची मुदत असते. दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयं वेगवेगळ्या राज्यांत असतील तर दोन खंडपीठांचे आदेश लागतात, आणि उशीर बहुधा तिथेच होतो. एल अँड टी इन्फोटेक मुंबईची आणि माइंडट्री बेंगळुरूची होती.

“एनसीएलटीने मंजुरी दिली” ही बातमी आली म्हणजे विलीनीकरण झालं, असा समज फार पसरतो. आदेशाचा दिवस ही इफेक्टिव्ह डेट नव्हे. सारांशात हे एक वाक्य वेगळं घाला.

११. कर्मचाऱ्यांच्या कलमात नेमकं काय शोधायचं?

बहुतेक योजनांतलं कलम मराठीत साधारण असं उतरेल: “इफेक्टिव्ह डेटला सेवेत असलेले विलीन होणाऱ्या कंपनीचे सर्व कर्मचारी, सेवेत कोणताही खंड न पडता, सध्याच्या अटींपेक्षा कमी लाभदायक नसलेल्या अटींवर, सामावून घेणाऱ्या कंपनीचे कर्मचारी होतील.” यात तीन वेगवेगळी वचनं आहेत, आणि सारांशात ती वेगवेगळीच लिहायला हवीत.

पहिलं वचन कोणाला लागू, याचं. “सेवेत असलेले” या शब्दांत बाळंतपणाच्या रजेवरची व्यक्ती, प्रोबेशनवरचा आणि नोटीस पीरियड संपायचा असलेला, हे सगळे बसतात. नोकरी देऊ केली आहे पण रुजू झालेला नाही, असा उमेदवार मात्र बसत नाही. त्याच्यासाठी वेगळी तरतूद लागते.

दुसरं वचन सेवेच्या सलगतेचं. ग्रॅच्युइटी, साठलेली रजा, सेवाज्येष्ठता आणि पुढे कधी नोकरी गेलीच तर मिळणारी भरपाई, ही चारही मोजताना जुन्या कंपनीतली वर्षं धरली जाणार का? कलमात यातल्या दोनच गोष्टींची नावं असतील तर सारांशात दोनच लिहा.

तिसरं वचन अटींचं, आणि खरी मेख तिथे आहे.

१२. “कमी लाभदायक नसलेल्या” आणि “एकंदरीत कमी लाभदायक नसलेल्या” यात फरक तो काय?

बराच. “एकंदरीत” हा शब्द नसेल तर प्रत्येक अट जुन्याइतकी तरी चांगली असायला हवी, असा आग्रह धरता येतो. तो शब्द असेल तर गोळाबेरीज पाहिली जाते. वाहनभत्ता गेला पण विम्याचं कवच वाढलं, तर एकंदरीत कमी झालं नाही असं कंपनी म्हणू शकते. इंग्रजी मजकुरात हा शब्द वाक्याच्या शेवटी लपलेला असतो आणि सारांश काढताना हटकून गळतो. माझ्या मते अख्ख्या दस्तऐवजात गाळू नये असा एकच शब्द निवडायचा झाला, तर तो हाच.

आणखी एक मर्यादा लिहा. ही तुलना बदलीच्या दिवशीच्या अटींशी आहे. दोन वर्षांनी नवी कंपनी सगळ्यांसाठी एकच ग्रेड आणि एकच रजेचं धोरण आणेल, तेव्हा हे कलम तिला कायमचं अडवेल असं नाही. योजनेत “अमुक महिने अटी बदलणार नाहीत” असा कालावधी दिला असेल तरच तो सारांशात लिहा.

१३. सेवा सलग धरल्याने हातात काय पडतं? आकड्यांत सांगा.

समजा इफेक्टिव्ह डेटला तुमची ३ वर्षं ८ महिने सेवा झाली आहे. नंतर नव्या कंपनीत २ वर्षं काढून तुम्ही नोकरी सोडता. सेवा तुटलेली धरली तर कुठेच ५ वर्षं भरत नाहीत आणि ग्रॅच्युइटी शून्य. सलग धरली तर ५ वर्षं ८ महिने होतात. वरचे महिने सहापेक्षा जास्त असल्याने हिशेबात ६ वर्षं धरतात. ग्रॅच्युइटीसाठीचं शेवटचं मासिक वेतन ५२,००० रुपये असेल, तर ५२,००० × १५ ÷ २६ × ६ = १,८०,००० रुपये. एका कलमातल्या चार शब्दांची ही किंमत आहे.

पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो. जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर मात्र ती रक्कम नव्या कंपनीच्या ट्रस्टकडे जाणार की ईपीएफओकडे, हे कलमात पाहा आणि लिहा. रक्कम जाईपर्यंत जुना ट्रस्ट चालू राहील, अशी ओळही बऱ्याचदा असते.

१४. मला नव्या कंपनीत जायचं नाही. नुकसानभरपाई मागता येईल?

राजीनामा कधीही देता येतो, पण भरपाईचा मुद्दा वेगळा आहे. कंपनी कायद्यातच न्यायाधिकरणाला कर्मचाऱ्यांच्या हस्तांतरणाचा आदेश देता येतो, त्यामुळे प्रत्येकाची स्वतंत्र संमती घेतली जात नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५ एफएफ मध्ये “कामगार” या व्याख्येत बसणाऱ्या आणि किमान वर्षभर सलग सेवा झालेल्यांना मालक बदलल्यावर भरपाईचा हक्क दिला होता. पण सेवा खंडित झाली नाही, अटी कमी लाभदायक झाल्या नाहीत आणि पुढे कपात झालीच तर जुनी सेवा धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील असला, तर तो हक्क मिळत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच चौकट आहे. प्रश्न ११ मधलं कलम जवळपास याच तीन अटींच्या शब्दांत का लिहिलेलं असतं, ते आता लक्षात येईल.

१५. कंत्राटदाराच्या पगारपत्रकावरचे लोक येतात का?

“कर्मचारी” या व्याख्येत सहसा नाही. त्यांचा मालक कंत्राटदार आहे. कंपनीचा त्याच्याशी असलेला करार नव्या कंपनीकडे जातो, माणसं कंत्राटदाराकडेच राहतात. सारांशात हे एका वाक्यात लिहा, नाहीतर “सर्व कर्मचारी” वाचून त्यांचाही समज होतो की आपणही त्यात आलो.

१६. आमची कंपनी पूर्ण मालकीची उपकंपनी आहे आणि योजनेत गुणोत्तरच सापडत नाही.

सापडणारही नाही. सगळे शेअर मूळ कंपनीकडेच असल्याने ते रद्द होतात आणि नवे दिले जात नाहीत. सारांशात “शेअर दिले जाणार नाहीत” असं सरळ लिहा, जागा कोरी सोडू नका. अशा योजना बऱ्याचदा कलम २३३ च्या जलद मार्गाने जातात. तिथे न्यायाधिकरणाऐवजी प्रादेशिक संचालकाची मंजुरी लागते, म्हणून प्रश्न १० मधलं वर्णन त्याप्रमाणे बदला. कर्मचाऱ्यांचं कलम मात्र तितक्याच बारकाईने वाचा.

१७. विलीनीकरण नाही, एकच विभाग वेगळा काढून दुसऱ्या कंपनीत जातोय. तेव्हा?

तेव्हा सगळ्यात कठीण प्रश्न म्हणजे “त्या विभागाचा कर्मचारी कोण?” कारखान्यातल्या माणसाबद्दल शंका नसते. पण लेखा, आयटी किंवा कायदा विभागातले लोक सगळ्याच धंद्यांसाठी राबतात. काही योजनांत अशांची नावं परिशिष्टात असतात, काहींत “मुख्यत्वे त्या विभागात काम करणारे” एवढंच लिहून निर्णय संचालक मंडळावर सोपवलेला असतो. दुसऱ्या प्रकारची योजना असेल तर सारांशात कोणालाही “तुम्ही जाणार” किंवा “तुम्ही राहणार” असं लिहून देऊ नका. निर्णय कोण घेणार आणि कधीपर्यंत, तेवढं लिहा. शेअरांचंही गणित इथे निराळं असतं. जुने शेअर हातात राहतात आणि त्यावर नव्या कंपनीचे मिळतात, त्यामुळे प्रश्न ४ मधलं “त्या बदल्यात” हे शब्द काढून टाका.

१८. जाहीर होण्याआधीच मला सारांश लिहायला सांगितलंय. घरी सांगू का? शेअर घेऊ का?

दोन्ही नाही. सूचीबद्ध कंपनीचं विलीनीकरण ही सेबीच्या नियमांत भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती धरली जाते. ती हाती असताना शेअर घेणं-विकणं आणि कामाच्या गरजेशिवाय कोणाला सांगणं, दोन्ही निषिद्ध आहे. मसुदा कोणाकोणाला पाठवलात याची नोंद ठेवायची असते, म्हणून तो व्हॉट्सॲपवर नको. कंपनीने शेअर बाजारांना कळवल्यानंतरच सारांश बाहेर जाऊ द्या. ट्रेडिंग विंडो, म्हणजे तुम्हाला कंपनीच्या शेअरांचे व्यवहार करता येतील तो काळ, कधी उघडणार ते कंपनी सचिवांना विचारा.